घूस, भेंडी आणि मधली मोकळी पट्टी

इब्न बतूतानं दौलताबादच्या तळघरात मांजरांना पळवून लावणारी भेंडी पाहिली होती, असं माझ्या भाषांतराआधीच्या फाइलीत लिहिलेलं होतं. म्हणजे अगदी शब्दशः असं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेच कळलं असतं. दिवाळी अंकासाठी घुशीवर एक लेख लिहीत होते (बिळातली घूस, टेबलाखालची नव्हे) आणि त्यात इंग्रजीतल्या ‘बँडिकूट’ ह्या शब्दाची गोष्ट घ्यायची होती. तो शब्द तेलुगूतल्या पंदि-कोक्कू म्हणजे डुक्कर-उंदरावरून आला हे मला माहीत होतं, पण जुना दाखला हवा होता, म्हणून हॉब्सन-जॉब्सन काढलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा कोश आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्यांनी केला, १८८६ मध्ये निघाला, बर्नेल त्याआधीच १८८२ मध्ये गेले होते. दुसरी आवृत्ती १९०३ ची, ती विल्यम क्रुकनं संपादित केली. पान दोन रकान्यांचं. प्रत्येक नोंदीत आधी शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती, आणि तिच्याखाली बारीक टायपात सालवार अवतरणं, म्हणजे तो शब्द किंवा ती गोष्ट कुणी कधी कुठे लिहून ठेवली त्याचे उतारे. हे ‘बारीक टायपात’ लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच झाला.

ग्रंथालयात पुस्तक घरी देत नव्हते, मग मोबाइलवर फोटो काढले. घाईत. पुस्तक धड उघडत नव्हतं, शिवणीकडचा भाग आत वळलेला, तिथल्या ओळी खाली घसरल्यासारख्या दिसत होत्या. घरी येऊन फोटोतला मजकूर सॉफ्टवेअरनं काढला, तो एका फाइलीत चिकटवला आणि रात्री साडेअकराला भाषांतर करायला बसले, ही दुसरी चूक. मूळ फोटो शेजारी उघडा ठेवलाच नाही.

आता झालं काय, तर त्या सॉफ्टवेअरनं मोठ्या टायपाचा मजकूर एक ठोकळा धरला आणि बारीक टायपाचा दुसरा. अकारविल्हे पाहिलं तर बँडिकूटच्या लगेच खाली बँडिकॉय ही नोंद आहे. बँडिकॉय म्हणजे भेंडी! तमिळ वेंडैक्काय वरून दक्षिणेतल्या इंग्रजांनी केलेला अपभ्रंश. तर माझ्या फाइलीत आधी घुशीचा अर्थ आला, त्याला लागून भेंडीचा अर्थ, आणि मग सगळी अवतरणं. त्यामुळे सुमारे १३३० चा फ्रायर जॉर्डेनस, जो सांगतो की धाकट्या हिंदुस्थानात कोल्ह्याएवढे उंदीर असतात, तो भेंडीखाली गेला. आणि त्याच्या मागोमाग सुमारे १३४३ चा इब्न बतूता, जो म्हणतो की देवगिरीच्या तळघरात मोठ्या गुन्हेगारांना कोंडतात आणि तिथले उंदीर मांजराहून मोठे, मांजरंच त्यांना बघून पळतात, तोही भेंडीखाली.

हे मी हसत सांगतेय, पण तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण अवतरणात उंदीर हा शब्द होता, लेख घुशीचा होता, डोकं आपोआप जोडून घेत होतं. भेंडीचं वाक्य मला मध्येच काहीतरी उपट्यासारखं वाटलं आणि मी ते चक्क गाळलं, ‘मूळात गोंधळ आहे’ असं मनातल्या मनात म्हणून. मूळात काडीचाही गोंधळ नव्हता.

पकडलं ते अंकाच्या मुद्रितशोधक काकांनी. काका आता सत्तरीच्या पुढे आहेत, तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे पान म्हणजे त्यांच्यासाठी हातानं रचलेली वस्तू. त्यांनी फोन केला, “अगं, ह्या कोल्ह्याएवढ्या उंदराच्या आधी एक वाक्य उडालंय का? जोड लागत नाहीये. मूळ पान पाठव बघू.” पाठवलं. दहा मिनिटांत परत फोन. “तू पान वाचलंयस. पान वाचायचं नसतं, रकाना वाचायचा.”

मग रविवारी त्यांच्याकडे गेले आणि दोन तास त्यांनी मला एक पान कसं बघायचं ते दाखवलं. त्यातलं जे मला पुढे खरंच उपयोगी पडलं तेवढंच लिहितेय.

पहिलं म्हणजे मजकुराला हात लावायच्या आधी मधली मोकळी पट्टी शोधायची. दोन रकान्यांमध्ये कधी उभी रेघ असते, कधी नुसती कोरी जागा. फोटो तिरका असेल तर ही पट्टीही तिरकी होते आणि मग डावीकडच्या दहाव्या ओळीसमोर उजवीकडची अकरावी येते. माणसाच्या डोळ्याला ते कळतं. मशीन मात्र कधीकधी पट्टी ओलांडून सरळ आडवं वाचत जातं आणि डाव्या अर्ध्या ओळीला उजवी अर्धी ओळ जोडतं. गंमत म्हणजे ही आडवी चूक पटकन सापडते, कारण दर पाच-सहा शब्दांनी वाक्य मोडतं आणि वाचताना ठेचा लागतात. माझ्यासारखी चूक, म्हणजे ओळी अख्ख्या आणि ठोकळे मागेपुढे, ती सापडत नाही. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी शहाणं असतं.

मग पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओळींची उंची बघायची. काका म्हणाले की दोन्हीकडे एकच टाइप असेल तर ओळी समोरासमोर बसतात, आम्ही तशाच बसवायचो. पण एका रकान्यात मोठा टाइप आणि शेजारी बारीक असला की तेवढ्याच उंचीत बारीक टायपाच्या जास्त ओळी मावतात, म्हणून त्या सरकतात. म्हणजे ओळी जिथे समोरासमोर यायच्या थांबल्या तिथे टाइप बदललाय, आणि टाइप बदललाय म्हणजे बोलणारा बदललाय, एकतर अवतरण सुरू झालंय नाहीतर तळटीप. भाषांतर करणाऱ्याला ह्याहून जास्त काय हवं!

तिसरी गोष्ट रकान्याच्या तळाची. डाव्या रकान्याची शेवटची ओळ आणि उजव्या रकान्याची पहिली ओळ एकमेकांना बोटानं जोडून वाचायची, मोठ्यानं. शब्द तुटून खाली जोडरेघ आली असेल तर उत्तम, कारण अर्ध्या शब्दाचा उरलेला अर्धा कुठे आहे ह्यात वाद नसतो. जोडरेघ नसेल तर व्याकरण बघायचं, क्रियापद आलंय का, कंस मिटलाय का.

कंसाचं तर वेगळंच प्रकरण निघालं. १९०३ च्या आवृत्तीत क्रुकनं स्वतः घातलेली भर चौकोनी कंसात ठेवलीय. बँडिकूटच्या नोंदीत शेवटाकडे असं येतं की हा शब्द आता क्वीन्सलंडमध्येही वापरतात, आणि त्याला लागूनच चौकोनी कंसात, की ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध बेंडिगो सोन्याच्या खाणींचं नावही ह्यावरूनच पडलं. माझ्या फाइलीत कंसाची एक बाजू उडाली होती आणि दुसरी इंग्रजी एल सारखी दिसत होती, मी ती साफसफाईत पुसली. झालं, बेंडिगोची गोष्ट यूलच्या तोंडी गेली. ती गोष्ट बहुधा खरीही नाही, बेंडिगो हे नाव साधारणपणे त्याच टोपणनावाच्या एका इंग्लिश मुष्टियोद्ध्याकडे नेतात, विल्यम अ‍ॅबेडनेगो थॉम्पसन त्याचं खरं नाव. म्हणजे १९०३ ची शंकास्पद भर मी १८८६ च्या माणसाच्या गळ्यात मारली होती, एक कंस पुसून.

त्यातच इब्न बतूताच्या उताऱ्यात देवगिरीच्या नावाला लागून ‘म्हणजे दौलताबाद’ असा खुलासा येतो. तो खुलासा काही इब्न बतूताचा नव्हे, तो उतारा देणाऱ्याचा. एका नोंदीत किती माणसं बोलतायत बघा, चौदाव्या शतकातला प्रवासी, त्याला उद्धृत करणारा यूल, सतरा वर्षांनी भर घालणारा क्रुक. कंस, टाइप आणि जागा ह्या तीनच गोष्टी त्यांना वेगळं ठेवतात आणि फोटोतून नुसता मजकूर उपसला की नेमक्या ह्या तीनच जातात.

अजून एक बारीकशी गोष्ट, अवतरणाच्या सालाआधी कधी इंग्रजी सी आणि टिंब असतं, त्याचा अर्थ ‘सुमारे’. बारीक टायपात ते धूळ समजून सुटतं आणि मग आपण ठोकून देतो, १३४३ साली. सुमारे १३४३ म्हणजे सुमारेच.

तर आता माझी पद्धत अशी झालीय की फोटो एकावेळी एकाच पानाचा, पुस्तक जमेल तेवढं सपाट, उजेड बाजूनं. घरी आल्यावर त्या फोटोचे कापून तुकडे करते, डावा रकाना क, उजवा ख, तळटीपा ग आणि घ. तुकड्यातुकड्यानंच मजकूर काढते. मी टेसरॅक्ट वापरते, फुकट आहे, आणि एका रकान्याचा एकच तुकडा दिला की त्याला सांगता येतं की हा एकसलग ठोकळा आहे, रकाने शोधत बसू नकोस:

```
tesseract 58-k.png 58-k -l eng --psm 6
```

ह्यातला शेवटचा आकडा ६ म्हणजे एकसारखा एकच ठोकळा. तुकड्यात मोठा आणि बारीक असे दोन्ही टाइप असतील तर ४ देऊन बघते, तो एकच रकाना पण वेगवेगळ्या आकाराची अक्षरं असं धरतो. काही न सांगता अख्खं पान दिलं तर ते स्वतःच मांडणीचा अंदाज करतं, कधी बरोबर येतो, कधी भेंडी होते.

आता तळटीपांकडे येते, कारण घुशीच्या लेखाचा दुसरा भाग दौलताबादच्या किल्ल्याबद्दल होता आणि तिथे मी परत आपटले. मावसभावानं एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकाच्या पानाचा फोटो पाठवला होता. दोन रकाने, मध्ये दोन्ही रकान्यांवर पसरलेलं किल्ल्याचं कोरीव चित्र, खाली टीपा. पहिल्याच वाचनात मला कळलं की खंदक ४०१ फूट खोल आहे.

मी दौलताबादला शाळेच्या सहलीसकट तीनदा गेलेय. खंदक खोल आहे, वरून बघताना पोटात गोळा येतो, पण ४०१ फूट म्हणजे चाळीस मजली इमारत उभी पुरायची. अख्खी टेकडीच सहाशे फुटांच्या आसपास उंच. आकडा होता ४०, आणि त्याच्या डोक्यावर चिकटून तळटीपेचा बारीक १. फोटो किंचित हलला होता, बारीक १ खाली बसला आणि ४० शेजारी जाऊन उभा राहिला.

ही चूक इतकी सर्रास होते की आता कुठल्याही जुन्या पानाच्या फोटोत आकडा दिसला की मी त्याचा शेवटचा अंक झाकून बघते. झाकल्यावर आकडा जास्त शहाणा वाटतोय का? सालाच्या बाबतीत तर सोपंच, पाच अंकी साल आलं की समजायचं. फसवणारे आकडे मधले असतात, १२ तोफांच्या १२३ होतात आणि किल्ला मोठा असल्यामुळे आपणही मान डोलावतो. खात्री करायची एकच रीत, पानाच्या तळाशी जाऊन टीपा मोजायच्या आणि तेवढ्याच खुणा मजकुरात सापडतायत का बघायचं. टीपा तीन आणि खुणा दोन, तर एक खूण कुठल्यातरी शब्दाच्या किंवा आकड्याच्या पोटात गेलीय.

आकड्यांऐवजी चिन्हं असली तर क्रम ठरलेला असतो, आधी तारका, मग एक कट्यार, मग दुहेरी कट्यार. फोटोतून उपसलेल्या मजकुरात कट्यारीचं इंग्रजी टी होतं किंवा अधिकचं चिन्ह होतं आणि तारकेचं अवतरणचिन्ह. म्हणून शब्दाच्या शेवटी विनाकारण टी दिसला तर स्पेलिंग सुधारायच्या आधी पानाच्या तळाशी बघावं.

त्या साप्ताहिकाच्या पानावर टीप १ डाव्या रकान्याच्या पायाशी होती, वर आखूड रेघ. ती रेघ किती लांब आहे हे बघायचं असतं हे मला काकांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. रेघ आणि टीप दोन्ही रकान्याच्या रुंदीत असतील तर ती टीप त्या रकान्याची, मग डाव्या रकान्याचा मजकूर रेघेच्या वर संपतो आणि तिथून उडी मारून थेट उजव्या रकान्याच्या माथ्यावर जातो. टीप मध्ये वाचायची नाही. टीपेच्या ओळी पान ओलांडून पूर्ण रुंदीच्या असतील तर त्या अख्ख्या पानाच्या, दोन्ही रकाने संपल्यावर. मी हे न बघता सरळ वरून खाली वाचत गेले होते, त्यामुळे वाक्य असं झालं की अंधारीच्या तोंडाशी लोखंडी झाकण ठेवून त्यावर, आणि इथे तळटीप घुसली, हे माप आम्हाला स्थानिक माणसाकडून मिळाले, आणि मग पुढे, विस्तव पेटवीत. अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा बोगदा, वरचं तोंड लोखंडी झाकणानं बंद करून त्यावर जाळ करायचा म्हणजे आतल्या शत्रूला वर यायला वाट राहत नसे. इतकं सरळ वाक्य, पण मला ते तीनदा वाचूनही झाकणावर कोण काय मोजत होतं ते कळेना.

दुसरी टीप डाव्या रकान्यात सुरू होऊन उजव्या रकान्याच्या पायाशी संपत होती. असं होतं, जागा पुरत नाही मग कंपोझिटर टीप पुढे ढकलतो. उजवीकडे टीप अशी अर्ध्या वाक्यापासून, आकड्याशिवाय सुरू झाली की समजायचं ही उरलेली आहे. ती टीप ३ म्हणून धरली की पुढचं सगळं एकानं सरकतं. आणि पायाशी दिसणारा प्रत्येक एकटा आकडा किंवा अक्षर टीपच असते असंही नाही. जुन्या पुस्तकांत दर फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या पानावर तळाशी एक बारीक खूण असते, बांधणाऱ्याला फर्मे क्रमानं लावता यावेत म्हणून. सोळा पानी फर्मा असेल तर दर सोळा पानांनी ती येते. मी एकदा अशी खूण टीप समजून दोन दिवस तिचा मजकूर शोधत होते, काका इतके हसले की काकू आतून बाहेर आल्या.

चित्राचंही सांगते. पानाच्या मधोमध पूर्ण रुंदीचं चित्र आलं की दोन शक्यता असतात. एकतर डावा रकाना चित्राच्या वर सुरू होतो, चित्राखालून तसाच चालू राहतो आणि मग उजव्याचा माथा. नाहीतर वरचा डावा, वरचा उजवा, मग चित्राखालचा डावा, उजवा. दोन्ही पद्धतीनं छापलेलं सापडतं आणि नुसतं बघून कळत नाही. चित्राच्या वरच्या डाव्या तुकड्याची शेवटची ओळ घ्यायची आणि दोन्ही उमेदवारांशी जोडून वाचायची, चित्राखालच्या डाव्या ओळीशी आणि वरच्या उजव्या पहिल्या ओळीशी. माझ्या पानावर वरच्या डाव्या तुकड्यात शेवटचा शब्द जोडरेघेनं तुटला होता आणि त्याचा उरलेला भाग चित्राखाली डावीकडे होता. प्रश्न मिटला.

मराठीत आणताना खुणेचं काय करायचं ह्यावर मात्र काका आणि मी भांडलो. इंग्रजीत १ हा आकडा ४० ला चिकटला होता. मी म्हटलं आपण तो ‘फूट’ नंतर टाकू, म्हणजे पुन्हा कुणी फोटो काढला तर खंदक चारशे फुटांचा होणार नाही. काका म्हणाले टीप मापाबद्दल आहे, फुटाबद्दल नाही. मी म्हटलं, माप म्हणजे चाळीस फूटच की. शेवटी फुटानंतर टाकला. पण त्यांचं एक ऐकलं, की खूण वाक्यातल्या जागेबरोबर जात नाही, ती ज्या शब्दाला लावलीय त्या शब्दाबरोबर जाते. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी असलेली खूण मराठीत वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकते, कारण आपलं क्रियापद शेवटी पळतं आणि बाकी सगळं पुढे येतं. शब्दाला प्रत्यय लागला असेल तर खूण प्रत्ययानंतर, ‘झाकणावर’ अख्खं लिहून मग आकडा, झाकणाच्या आणि वरच्या मध्ये नाही.

मूळात टीपांचे आकडे दर पानाला १ पासून सुरू होत होते. माझा मजकूर वेगळ्या पानांत मोडणार, म्हणून मी लेखभर सलग आकडे दिले आणि बाजूला एक कच्ची यादी ठेवली, मूळ पान अमुक टीप अमुक म्हणजे माझी तमुक. बेंडिगोच्या मुष्टियोद्ध्याची टीप माझी स्वतःची, तिच्या शेवटी ‘– अनु.’ लिहिलं. क्रुकचा चौकोनी कंस चौकोनीच ठेवला, आणि चौकोनी कंस म्हणजे १९०३ ची भर, हे पहिल्यांदा आला तिथे सांगून टाकलं.

अंक छापायला जायच्या आदल्या रात्री काकांचा फोन, सव्वादहाला. “अगं, किल्ल्याच्या उताऱ्याखाली तीन टीपा आहेत. मजकुरात खुणा दोनच. तीन कुठाय?” मी क काढला, ख काढला, प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक झाकून बघितला, टी शोधले, काही नाही. टीप ३ मध्ये लिहिलं होतं की हे त्या जागी बसून काढलं आहे. काय काढलं आहे? मग अख्ख्या पानाचा मूळ फोटो उघडला आणि बघितलं, रकाने कापताना मी चित्र टाकून दिलं होतं, आणि त्याबरोबर चित्राखालची एक ओळही. दौलताबाद, ईशान्येकडून, आणि टिंबाच्या डोक्यावर बारीक ३.